उत्तर नऊच, पण पाणी कुठे आहे?

बेळगाव जिल्ह्यात पावसाळा सरला की उसाचे गाळप सुरू होते, आणि साखर काढून उरलेल्या मळीपासून इथेनॉल तयार करण्याचे काम अनेक कारखान्यांच्या डिस्टिलरीत चालते. मळीच्या टाकीत यीस्ट साखर खाते, इथेनॉल तयार होते आणि कार्बन डायऑक्साइड वायूचे बुडबुडे वर येतात. निपाणी, चिकोडी, खानापूरकडून पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, आलेल्या मुलांनी हा वास लहानपणापासून घेतलेला असतो, म्हणून मोलचे गणित शिकवताना मी याच क्रियेवरचा एक प्रश्न नेहमी देतो.

प्रश्न असा आहे. ३४.२ ग्रॅम सुक्रोजचे, म्हणजे आपल्या नेहमीच्या साखरेचे, पूर्ण किण्वन झाले, तर ० अंश सेल्सिअस तापमान आणि १ अ‍ॅटमॉस्फिअर दाब असताना किती लिटर कार्बन डायऑक्साइड मिळेल? उत्तर जवळच्या पूर्णांकात लिहायचे आहे. स्पर्धा परीक्षांच्या संख्यात्मक प्रश्नांत असेच असते. चौकटीत एक आकडा भरायचा असतो आणि कच्चे काम कोणी तपासत नाही.

एकदा वर्गातल्या तीन मुलांनी या प्रश्नाचे उत्तर ९ लिहिले आणि ते बरोबरही होते, पण तिघांच्या वह्या पाहिल्या तर तिथे तीन वेगवेगळी रसायने होती.

पहिल्या मुलीने समीकरण नीट संतुलित केले होते.

C₁₂H₂₂O₁₁ + H₂O → 4 C₂H₅OH + 4 CO₂

सुक्रोजचे रेणुवस्तुमान ३४२ आहे, म्हणून ३४.२ ग्रॅम म्हणजे ०.१ मोल. एका मोलपासून चार मोल वायू मिळतो, म्हणजे इथे ०.४ मोल. त्याला २२.४ ने गुणले की ८.९६ लिटर येतात. दुसऱ्या मुलाने हेच समीकरण लिहिले होते, पण डावीकडचे पाणी वगळून. कार्बनचे अणू दोन्ही बाजूंना बारा जुळले, चौपट हे प्रमाण हाती लागले आणि त्याचेही उत्तर ८.९६ आले. तिसऱ्याला ग्लुकोजचे समीकरण पाठ होते, ज्यात एका रेणूपासून दोन रेणू वायू मिळतो. त्याने साखर म्हणजे ग्लुकोजच असे धरून ३४.२ ला १८० ने भागले, ०.१९ मोल काढले, दुप्पट करून ०.३८ मोल वायू मिळवला आणि त्याचे ८.५१ लिटर केले. जवळचा पूर्णांक पुन्हा ९ च.

दुसरा मुलगा म्हणाला, “सर, उत्तर तर बरोबर आलंय की.” त्याचे म्हणणे उडवून लावण्यासारखे नव्हते. पूर्णांकात उत्तर मागणारा प्रश्न साधारण ८.५ ते ९.५ यांच्यामधले सगळे एकाच घरात बसवतो, आणि त्या घरात चुकीचा रस्ताही अलगद शिरतो. म्हणून मी तिघांना तोच प्रश्न थोडा बदलून दिला. साखर तितकीच, पण आता वायूचे वस्तुमान ग्रॅममध्ये सांगा.

पहिल्या मुलीने ०.४ ला ४४ ने गुणून १७.६ ग्रॅम, म्हणजे पूर्णांकात १८ लिहिले. तिसऱ्याचे ०.३८ मोल १६.७२ ग्रॅम झाले, म्हणजे १७. दुसऱ्याने वेगळी वाट धरली. त्याने आधी इथेनॉल काढले, ते ०.४ मोल गुणिले ४६ म्हणजे १८.४ ग्रॅम आले. मग वस्तुमान नष्ट होत नाही या नियमावर विसंबून त्याने ३४.२ मधून १८.४ वजा केले आणि १५.८ ग्रॅम वायू, म्हणजे १६ हे उत्तर दिले. त्याचा नियम खरा होता, वजाबाकीही बरोबर होती. तरीही १७.६ आणि १५.८ यांत १.८ ग्रॅमचा फरक पडला, आणि १.८ ग्रॅम म्हणजे ०.१ मोल पाणी. त्याने जे वगळले होते, नेमके तेच कमी पडले होते.

हे पाणी क्रियेत खरोखर लागते, ते केवळ हिशेब जुळवण्यासाठी लिहिलेले नाही. सुक्रोजच्या रेणूत ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असे दोन घटक जोडलेले असतात, आणि ते जोडले जाताना पाण्याचा एक रेणू बाहेर पडलेला असतो. यीस्टमधले इन्व्हर्टेज नावाचे विकर ही जोड तोडते, तेव्हा तो पाण्याचा रेणू परत घ्यावा लागतो. त्यामुळे ३४.२ ग्रॅम सुक्रोजपासून ३६ ग्रॅम साध्या शर्करा तयार होतात. तिसऱ्या मुलाची चूकही इथेच होती. त्याने ३६ च्या जागी ३४.२ ग्रॅम ग्लुकोज धरले.

पाणी लिहायचे विसरले, तर समीकरण स्वतःच ते मागून घेते, फक्त तीनही मूलद्रव्ये मोजली पाहिजेत. समजा, पाणी न घेता संतुलन करायचे ठरवले. डावीकडे हायड्रोजनचे अणू २२ आहेत आणि इथेनॉलच्या एका रेणूत सहा, म्हणून इथेनॉलचा सहगुणक २२ भागिले ६, म्हणजे साधारण ३.६७ येतो. कार्बन बारा जुळवायचे तर कार्बन डायऑक्साइडचा सहगुणक ४.६७ घ्यावा लागतो. आता ऑक्सिजन मोजला तर उजवीकडे १३ भरतात आणि डावीकडे ११ च आहेत. अपूर्णांक आला म्हणून घाबरायचे कारण नव्हते, कारण सगळ्या सहगुणकांना तीनने गुणून तो घालवता आला असता, पण ऑक्सिजन न जुळणे कोणत्याही गुणाकाराने सुटत नाही. क्रियेत एखादा पदार्थ कमी आहे, एवढाच त्याचा अर्थ होतो. पाण्याचा एक रेणू डावीकडे घेतला की ३४२ आणि १८ मिळून ३६० होतात, उजवीकडे १८४ आणि १७६ मिळून ३६० च होतात.

म्हणून मी मुलांना समीकरणाखाली प्रत्येक पदार्थाचे ग्रॅम लिहायला सांगतो. इथे ते ३४.२, १.८, १८.४ आणि १७.६ असे आहेत. दोन्ही बाजूंची बेरीज ३६ येते का हे पाहायला दहा सेकंदही लागत नाहीत, आणि पाणी विसरलेल्याची गडबड तिथेच उघडी पडते. ग्लुकोज धरणाऱ्याची चूक मात्र या बेरजेत सापडत नाही, कारण ग्लुकोजचे समीकरण आपल्या जागी पूर्ण संतुलित आहे. तिच्यासाठी प्रश्नात दिलेल्या पदार्थाचे सूत्र आणि आपण लिहिलेले सूत्र शेजारी ठेवून वाचावे लागते.

पूर्णांकाच्या प्रश्नात आकडे मधेच छाटण्याचाही धोका आहे. साखर २५० ग्रॅम असेल, तर २५० भागिले ३४२ म्हणजे ०.७३०९९ मोल आणि वायू १२८.६५ ग्रॅम, म्हणजे १२९ येतो. कोणी मोल ०.७३ वरच थांबवले, तर १२८.४८, म्हणजे १२८ येतो. समीकरण बरोबर असूनही गुण जातो, म्हणून भागाकार शेवटपर्यंत तसाच ठेवावा.

या सगळ्या हिशेबात ‘पूर्ण किण्वन’ हे शब्द गृहीत आहेत. कागदावर एक किलो सुक्रोजपासून सुमारे ५३८ ग्रॅम, म्हणजे जवळपास ६८० मिलिलिटर इथेनॉल मिळायला हवे. प्रत्यक्षात यीस्ट थोडी साखर स्वतःच्या वाढीसाठी वापरते आणि थोड्या साखरेचे ग्लिसरॉल व सक्सिनिक आम्ल होते. हे पदार्थ लुई पाश्चर यांनी १८६० च्या आपल्या निबंधात दाखवून दिले होते. त्यामुळे डिस्टिलरीच्या टाकीतून निघणारे इथेनॉल या आकड्याच्या खालीच राहते.