मराठी ते गुजराती व्हाया इंग्रजी: 'आपण' नेमका कुठे गळतो

आपल्या नाशिक जिल्ह्याची सुरगाणा आणि पेठ ही टोकं थेट गुजरातला टेकतात, आणि कांदा-द्राक्षाच्या धंद्यात तिकडच्या व्यापाऱ्यांशी रोजचं बोलणं असतं, त्यामुळे मराठी मेसेज मशीनने गुजरातीत करून पाठवणं यात काही नवल नाही. पण बऱ्याच सिस्टीम मराठीतून सरळ गुजरातीत जातच नाहीत. आधी मराठीचं इंग्रजी करतात, मग त्या इंग्रजीचं गुजराती, आणि मधलं इंग्रजी आपल्याला कधी दाखवतही नाहीत. याला पिव्होट ट्रान्सलेशन म्हणतात.

समजा निफाडकडची एक मुलगी सुरतच्या व्यापाऱ्याला, ज्यांना घरात सगळे मामा म्हणतात त्यांना, लिहितेय: "मामा, उद्या आपण लासलगावला जाणार आहोत." इंग्रजीत याचं होतं "अंकल, वी आर गोइंग टू लासलगाव टुमॉरो". वाक्य एकदम बरोबर आहे, कुठलाही परीक्षक पूर्ण मार्क देईल. आता दुसऱ्या टप्प्यात मशीनसमोर फक्त हे इंग्रजी आहे, मराठी त्याने बघितलेलंच नाही. त्यातून गुजराती असं येऊ शकतं: "काका, अमे आवती काले लासलगांव जवाना छीए." हेही व्याकरणाने बरोबर. पण गुजरातीतल्या 'अमे'चा अर्थ आमची मंडळी, ऐकणारा त्यात नाही, आणि ऐकणाऱ्याला धरून बोलायचं असेल तर 'आपणे' म्हणावं लागतं, अगदी आपल्या आम्ही आणि आपणसारखंच. म्हणजे मुलीने मामांना सोबत धरलं होतं आणि मामांना मात्र कळलं की ही मंडळी आपापली जाऊन येणार, मग ते लासलगावला येतीलच कशाला!

इथे मला सगळ्यात जास्त खटकतं ते हे की दोन्ही टोकांच्या भाषांमध्ये हा फरक आहे, शब्द तयार आहेत, वापर तोच आहे, आणि तो पडतो तो फक्त मधल्या मुक्कामावर. मामाचं पण तेच झालं बघा. गुजरातीतही मामा म्हणजे मामाच, पण इंग्रजीत मामा, काका, आत्याचे यजमान, मावशीचे यजमान सगळे अंकल, मग परत येताना मशीन जे जास्त वेळा दिसतं ते उचलतं आणि मामाचे काका होतात. त्याने फार तर थोडं विचित्र वाटेल. 'अमे'ने मात्र अख्खा बेत बदलला.

लोक म्हणतात की दोन टप्पे म्हणजे दुप्पट चुका, आणि हिशोब तसा सोपाही आहे. पहिला टप्पा १०० पैकी ९० वाक्यं नीट करत असेल आणि दुसराही तेवढीच, आणि चुकांचा एकमेकांशी संबंध नसेल, तर शेवटी ८१ नीट उरतात. पण हा हिशोब अर्धीच गोष्ट सांगतो, कारण आपल्या उदाहरणात एकाही टप्प्याने चूक केलेली नाहीये! पहिल्याने बरोबर इंग्रजी दिलं, दुसऱ्याने त्या इंग्रजीचं चालण्यासारखं गुजराती दिलं. गळाली ती माहिती. आणि माहितीशास्त्रात हे सिद्ध झालेलं आहे की मधल्या टप्प्यावर जी माहिती गेली ती पुढचा टप्पा फक्त त्या मधल्या मजकुरातून परत आणू शकत नाही, मग तो कितीही हुशार असो. तो अंदाज करू शकतो, आणि अंदाज म्हणजे ट्रेनिंगच्या मजकुरात जे जास्त आलं ते.

यात इंग्रजीला दोष देऊन भागत नाही. इंग्रजीत हा फरक सांगता येतो, फक्त सांगायची सक्ती नाहीये. मुलीने "आपण लासलगावला जाऊ" लिहिलं असतं तर इंग्रजी "लेट्स गो" झालं असतं आणि त्यातून गुजरातीत 'आपणे' यायची शक्यता बरीच वाढली असती. मराठीत मात्र कर्ता लिहिला की आम्ही की आपण हे ठरवावंच लागतं, आणि ही सक्ती जिथे संपते तिथे गळती सुरू होते. हिंदीकडे जाताना दुसरंच काहीतरी गळतं. "मी उद्या येईन" यावरून बोलणारी बाई की पुरुष हे मराठीतही कळत नाही, पण "मी उद्या येते" यात कळतं, इंग्रजीत ते जातं आणि हिंदीत 'आऊंगा' की 'आऊंगी' हे तर लिहावंच लागतं.

अजून एक गोष्ट पहिल्या टप्प्यावर फेकली जाते. मशीनच्या आत एका वाक्याची बरीच संभाव्य भाषांतरं असतात, कुठल्याची शक्यता किती हेही असतं, पण पुढे जातं ते फक्त पहिल्या नंबरचं वाक्य, आणि दुसऱ्या टप्प्याला ते शंभर टक्के खात्रीचं वाटतं. म्हणून काही ठिकाणी एकाऐवजी वरची चार-पाच वाक्यं पुढे पाठवतात आणि शेवटी मिळून निवडतात. त्याने चुका कमी होतात, पण पाचही वाक्यांत 'वी'च असेल तर काय उपयोग.

मग सरळच का नाही करत? कारण घटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषा घेतल्या तरी एकमेकींत ४६२ दिशा होतात, आणि इंग्रजीमार्गे फक्त ४४ लागतात. शिवाय मराठी-गुजराती असा समोरासमोरचा मजकूर कमी, इंग्रजीसोबतचा जास्त. २०२० मध्ये फेसबुकने एम२एम-१०० नावाचं मॉडेल काढलं जे १०० भाषांमध्ये इंग्रजीला वळसा न घालता भाषांतर करतं. पण सरळ मॉडेल आलं की प्रश्न मिटला असं नाही, कारण ते शिकतं कशावर ते बघावं लागतं. २०२१ मध्ये आलेल्या 'समानांतर' या संग्रहात ११ भारतीय भाषांच्या आपापसातल्या ८.३४ कोटी वाक्यजोड्या आहेत, आणि त्या जुळवल्यात इंग्रजीमार्गे, म्हणजे एकाच इंग्रजी वाक्याचं मराठी आणि गुजराती मिळालं की ती जोडी. काम प्रचंड मोठं आणि गरजेचंच आहे. पण अशा जोडीत मराठीकडे 'आपण' आणि गुजरातीकडे 'अमे' असू शकतं, दोन्ही त्या 'वी'चं योग्य भाषांतर, आणि मॉडेल हेच समान समजून शिकतं.

तुमच्या फोनमध्ये काय होतंय हे घरबसल्या बघता येतं. फक्त एका शब्दाचा फरक असलेली दोन वाक्यं द्या, "उद्या आम्ही लासलगावला जाणार आहोत" आणि "उद्या आपण लासलगावला जाणार आहोत". दोन्हीचं गुजराती अक्षरशः एकच आलं तर फरक वाटेत कुठेतरी पडला. मग अशाच जोड्या मामा-काका, येतो-येते यांच्याही करून बघा, फक्त समोरच्या भाषेत तो फरक असायला हवा, कारण "येते" गुजरातीत "आवुं छुं"च होणार आणि तो दोष इंग्रजीचा नाही. उलट भाषांतर करून, म्हणजे आलेलं गुजराती परत मराठीत आणून तपासायची सवय बऱ्याच जणांना असते, ती इथे फसवते, कारण परतीची वाटही त्याच 'वी'वरून जाते आणि मशीनचा नेहमीचा अंदाज 'आम्ही' असेल तर 'आम्ही'वालं वाक्य दर वेळी सहीसलामत परत येतं आणि आपल्याला वाटतं सगळं ठीक आहे. मशीनला गुण देताना नुसते शब्द जुळवून मोजलं तरी हीच अडचण, एकच शब्द बदलला म्हणून मार्क जरासेच कटतात.

तोपर्यंत महत्त्वाच्या मेसेजमध्ये फरक दुसऱ्या शब्दांत बांधून पाठवा, म्हणजे "मामा, उद्या तुम्ही आणि मी दोघं मिळून लासलगावला जाणार आहोत." तुम्ही आणि मी हे इंग्रजीतून जाताना सहसा गळत नाही. मामांचे काका झाले तर होऊ द्या, ते लासलगावला वेळेवर पोचतील.