मूट प्रॉब्लेमचे पत्र

मूट कोर्ट, म्हणजे अभिरूप न्यायालय, या स्पर्धेत उतरलेल्या विद्यार्थ्याला जाणत्या वकिलाने लिहिलेले तयारीचे पत्र. ‘आत्मविश्वासाने बोल’ छापाची पत्रे बिनकामाची. कामाचे पत्र प्रॉब्लेममधल्या, म्हणजे स्पर्धेसाठी रचलेल्या काल्पनिक खटल्यातल्या, तारखा पकडून चालते.

नमुन्यादाखल एक रचलेला प्रॉब्लेम घेऊ. गुहागर तालुक्यातल्या एका गावी भरतीरेषेपासून 140 मीटरवर 10 जानेवारी 2023 रोजी रिसॉर्टचे काम सुरू झाले आणि पहिल्याच आठवड्यात पुळणीवरचा वाळूचा उंचवटा सपाट झाला. रापणकरांनी, म्हणजे किनाऱ्यावरून जाळे ओढणाऱ्या मच्छीमारांनी, 25 सप्टेंबरला पुण्याच्या हरित न्यायाधिकरणात अर्ज केला. विद्यार्थी लगेच सीआरझेडच्या, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामावर निर्बंध घालणाऱ्या नियमांच्या, 200 मीटरांवर तुटून पडतो. पत्र त्याला आधी मुदत मोजायला बसवते:

‘हरित न्यायाधिकरण कायद्याच्या कलम 14 खाली सहा महिने मिळतात, ते 10 जुलैला संपले. पुरेसे कारण दाखवलेस तर आणखी साठ दिवस, म्हणजे 8 सप्टेंबर. तुझा अर्ज त्यानंतर सतरा दिवसांनी आला आहे आणि त्यापुढचा उशीर माफ करायचा अधिकार न्यायाधिकरणाला नाही. बांधकाम चालू आहे, तेव्हा रोज नवे कारण घडते, असे म्हणू नकोस. वादाचे कारण “प्रथम” घडले ती तारीख कलमाने धरली आहे. त्या एका शब्दावर बेंच तुला अडवेल.’

वाट कलम 15 मध्ये आहे. पर्यावरण पूर्ववत करण्याची मागणी तिथे पाच वर्षांत करता येते. म्हणून मेमोरियलमधली, म्हणजे लेखी युक्तिवादातली, प्रार्थनाच बदलायची: ‘बांधकाम बेकायदा ठरवा’ याऐवजी ‘उंचवटा पूर्ववत करून द्या’.

बेंच हमखास विचारते, ‘मग मुदत हुकलेला प्रत्येक अर्ज कलम 15 मध्ये घालायचा का?’ इथे बहुतेक जण गडबडतात आणि किनाऱ्याची धूप झाली, जाळी फाटली असे काहीतरी ठोकून देतात. प्रॉब्लेममध्ये यातले काहीच नाही, आणि पदरची तथ्ये घातलेली चालत नाहीत. उत्तर लिहिलेल्या एका वाक्यातूनच द्यायचे: कलम 15 ला प्रत्यक्ष हानी लागते; नुसत्या परवानगीच्या वादात ती नसते, इथे उंचवटा गेला आहे आणि तो परिच्छेद अमुक मध्ये नोंदला आहे. परिच्छेदाचा आकडा तोंडपाठ हवा. कागद चाळण्यात गेलेला वेळ युक्तिवादाच्या वेळेतूनच कापला जातो.

रिसॉर्टच्या बाजूने उभा राहणाऱ्याला तेच वाक्य उलटे वाचावे लागते. उंचवटा कोणी सपाट केला, हे प्रॉब्लेम सांगत नाही. ‘सपाट झाला’ एवढेच आहे, आणि कर्ता न सांगणाऱ्या त्या मोघमपणात त्याचा निम्मा बचाव दडलेला असतो.