विळ्यावरचं तांबं आणि धातूंची उतरंड

पाचोरा-भडगावकडे मोसंबीच्या डिंक्यावर बोर्डो मिश्रण वापरणारे शेतकरी एक जुनी चाचणी करतात. एक टक्का मिश्रणासाठी एक किलो मोरचूद ५० लिटर पाण्यात विरघळवायचं, एक किलो चुना वेगळ्या ५० लिटरमध्ये कालवायचा आणि दोन्ही एकत्र करायचं. मग स्वच्छ घासलेला विळा त्यात थोडा वेळ बुडवायचा. पात्यावर तांबूस थर आला, तर चुना कमी पडलाय. तांबं अजून मोकळं आहे आणि ते पानं जाळेल. थर आला नाही, तर बहुतेक सगळं तांबं चुन्याने न विरघळणाऱ्या रूपात बांधलं गेलंय. हे मिश्रण लोखंडी भांड्यात करू नका असं सांगतात, तेही याचमुळे. दहावीच्या पुस्तकातली विस्थापन अभिक्रिया ती हीच:

Fe + CuSO4 → FeSO4 + Cu

हा प्रकार माणसाला फार जुन्या काळापासून ठाऊक आहे. चीनमध्ये सोंग राजवटीत, ११ व्या शतकात, खाणीतल्या निळसर पाण्यात लोखंडाचे पत्रे बुडवून तांबं मिळवायचे कारखानेच होते. युरोपात आजच्या स्लोव्हाकियातल्या एका खाणीच्या पाण्यात लोखंड टाकलं की तांबं निघे, आणि किमयागारांना तो लोखंडाचं तांबं झाल्याचा पुरावा वाटे. त्यांना हसण्याचं कारण नाही. लोखंडाचा तुकडा नाहीसा होतो आणि त्याच जागी तांबं उरतं, मग दुसरं काय वाटणार? १७ व्या शतकाच्या सुरुवातीला अँजेलो सालाने दाखवलं की तांबं मोरचुदात आधीपासूनच असतं, लोखंड फक्त त्याला बाहेर काढतं. आज वजनावरूनही हे कळतं. ५६ ग्रॅम लोखंड विरघळलं की ६३.५ ग्रॅम तांबं जमतं, म्हणून थर धरून बसला असेल तर खिळ्याचं वजन थोडं वाढतं. द्रावणाचा निळा रंगही त्याबरोबर फिका होत जातो.

धातूंचा क्रम लावायला मात्र आणखी शतक गेलं. १७१८ मध्ये पॅरिसच्या एतिएन फ्रांस्वा जेफ्रॉयने ‘आकर्षणांचा’ तक्ता मांडला. नायट्रिक आम्लाच्या रकान्यात त्याने लोखंड, तांबं, शिसं, पारा, चांदी असा क्रम दिला: वरचा धातू खालच्याला आम्लातून हुसकावतो. त्यामागचं निरीक्षण सोनारांच्या कामाचंच होतं. जळगावच्या सराफ बाजारात आटणीवाला नायट्रिक आम्लात विरघळलेली चांदी तांब्याची पट्टी घालून खाली बसवतो, तेव्हा तो याच रकान्याचा एक तुकडा वापरत असतो. द्रावण निळं होत जातं, कारण आता त्यात तांबं आहे.

जेफ्रॉयचा एक क्रम आज चुकीचा ठरतो. त्याने तांबं शिशाच्या वर ठेवलं, आजच्या धातूंच्या क्रियाशीलता श्रेणीत शिसं वर आहे. पुढे व्होल्टाच्या १८०० च्या विद्युतघटाने धातूंमधला फरक विजेने मोजता येऊ लागला, १८६५ मध्ये रशियन रसायनशास्त्रज्ञ निकोलाय बेकेतोव्हने विस्थापनाच्या प्रयोगांतून क्रम मांडला, आणि नर्न्स्टच्या १८८९ च्या सूत्राने त्याला आकड्यांचा आधार मिळाला. हायड्रोजनला शून्य धरून मोजलेल्या विद्युतविभवाचा तांब्याचा आकडा +०.३४ व्होल्ट, लोखंडाचा -०.४४, जस्ताचा -०.७६. जो आकडा लहान, तो धातू मोठ्या आकड्याच्या धातूला त्याच्या क्षारातून बाहेर काढतो. म्हणून जस्ताचा मुलामा दिलेली बादलीही मोरचुदाला चालत नाही.

पण आकडा शक्यता सांगतो, वेग नाही. अ‍ॅल्युमिनिअम जस्ताहूनही वर आहे, तरी त्याची पट्टी मोरचुदात तासन्‌तास चकचकीत राहू शकते. पृष्ठभागावरचा ऑक्साइडचा पातळ थर तिला वाचवतो. चिमूटभर मीठ टाका, क्लोराइड तो थर फोडतं आणि तांबं जमू लागतं. सोडिअमचं उलट होतं. ते तांब्याकडे पोचण्याआधी पाण्यालाच भिडतं, हायड्रोजन निघतो आणि निळा गाळ बसतो.

फ्लोरीन, क्लोरीन, ब्रोमीन, आयोडीन या हॅलोजनमध्येही असाच क्रम आहे, आणि तिथेही वरचं हॅलोजन खालच्याला क्षारातून काढतं. १८२६ मध्ये माँपेलिएच्या बालारने मिठागरातल्या उरलेल्या पाण्यात क्लोरीन सोडलं, तेव्हा पाणी पिवळं झालं. त्यातून ब्रोमीन सापडलं. लीबिगच्या हातात ब्रोमीन त्याआधीच आलं होतं, पण त्याने ते आयोडीन क्लोराइड समजून ठेवून दिलं. ब्रोमीन आयोडाइडमधून आयोडीन काढतं. उलटी अभिक्रिया होत नाही, म्हणून ब्रोमाइडच्या द्रावणात आयोडीन टाकलं तर काही घडत नाही. श्रेणीच्या माथ्यावरचं फ्लोरीन १८८६ मध्ये मोआसाँने वेगळं केलं. ते पाण्यालाच फोडतं, म्हणून क्लोराइडच्या द्रावणात त्याची साधी चाचणी घेता येत नाही. त्याची जागा हिशोबाने ठरवावी लागली.