मेकअप दादा, हेअर ताई आणि एक कार्ड: पार्श्वभूमी

मराठी श्रेयनामावलीत तीन ओळी ठरलेल्या असतात: रंगभूषा, वेशभूषा, केशभूषा. तिन्ही शब्द कामाची नावं आहेत, माणसाचं लिंग सांगत नाहीत. रंगभूषाकार म्हटलं की पुरुष की बाई हे कळत नाही. सेटवर मात्र रंगभूषाकाराला कोणी रंगभूषाकार म्हणत नाही. तिथे ‘मेकअप दादा’ असतात, तसेच लाईट दादा, स्पॉट दादा, ड्रेस दादा. केस करणारी असते ती ‘हेअर ताई’. मुंबईच्या चित्रपटसृष्टीत पन्नासहून अधिक वर्षं ही केवळ हाक नव्हती, तो नियमच होता. कामगार संघटनेचं रंगभूषेचं कार्ड पुरुषाला आणि केशभूषेचं बाईला, अशी वाटणी त्या संघटनेच्या घटनेत होती. आज या धंद्यातल्या बाईने ओळखी कशा वाढवायच्या, पाठीशी कोणाला उभं करायचं, या प्रश्नांच्या मुळाशी ती वाटणी आहे.

तिची मुळं रंगपटात सापडतात. नाटकात स्त्रीभूमिका पुरुष करत, १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तारामतीही पुरुषानेच केली, तेव्हा तोंडाला रंग लावणारा पुरुष असणं ओघानंच आलं. पुढे पडद्यावर बाया आल्या. त्यांच्या केसांना बाईचा हात हवा असं ठरलं, चेहऱ्याला मात्र पुरुषाचाच हात राहिला. याचं पटणारं कारण शोधायला गेलं तर हाती फारसं काही लागत नाही. केसांना हात लावणं जवळचं आणि गालाला लावणं लांबचं, असं कोणी म्हणणार नाही.

कार्डाचं महत्त्व बाहेरच्याला लवकर कळत नाही. कामगार संघटनेचं सदस्यत्व म्हणजे कार्ड, आणि ते नसेल तर सेटवर काम करता येत नाही, असा रिवाज. संघटनेचे लोक तपासणीला येतात. कार्ड नसलेलं माणूस सापडलं तर दंड होतो, कधी शूटिंग अडतं. निर्मात्याला एक दिवस अडणं परवडत नाही, म्हणून तो वाद घालत बसत नाही, त्या माणसालाच बाहेर काढतो. त्यामुळे बाईला रंगभूषेचं कार्ड नाही याचा अर्थ तिला काम येत नाही असा नव्हता. तिला काम दिलं तर निर्माता अडचणीत येईल, एवढाच होता. तिच्या बाजूने बोलणाऱ्याला आपल्या खिशातून किंमत मोजावी लागे.

तरीही बाया हे काम करत होत्या. वाट अशी होती: प्रमुख कलाकाराच्या करारात तिचा स्वतःचा स्टाफ लिहिलेला असतो. मेकअप, हेअर, स्पॉट ही माणसं कलाकार निवडते आणि त्यांची रोजंदारी निर्माता देतो. एखादी अभिनेत्री ‘माझा मेकअप हीच करेल’ म्हणाली की ती बाई सेटवर यायची. कागदावर तिचं काम केशभूषा असायचं किंवा काहीच नसायचं. तपासणी आली की ती व्हॅनिटी व्हॅनमध्ये दार लावून बसायची. हातात ब्रश नसलेला कार्डवाला पुरुष बाहेर दिसायचा. यात नुकसान दुहेरी होतं. श्रेयनामावलीत तिचं नाव नसे, म्हणून पुढच्या कामासाठी दाखवायला पुरावा नसे. आणि युनिटमधल्या बाकीच्यांना ती भेटतच नसे, म्हणून तिची ओळख एका अभिनेत्रीपलीकडे जात नसे. त्या अभिनेत्रीचं काम कमी झालं की हिचंही थांबे.

२०१४ चा निकाल

परदेशात रंगभूषेचं रीतसर शिक्षण घेतलेल्या एका बाईने कार्डासाठी अर्ज केला, तो नाकारला गेला, आणि प्रकरण राष्ट्रीय पातळीवरच्या महिला आयोगापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. १० नोव्हेंबर २०१४ ला दोन न्यायाधीशांच्या पीठाने निकाल दिला. या निकालावर जरा रेंगाळायला हवं, कारण त्याचा अर्थ लोक अर्धाच लावतात.

संघटनेचं म्हणणं सरळ होतं: बाया रंगभूषेत आल्या तर पुरुषांच्या पोटावर पाय येईल. म्हणजे ‘बायांना हे काम जमत नाही’ असं कोणी म्हणतच नव्हतं. उलट, जमतं म्हणूनच भीती होती. दुसरा अडसर रहिवासाचा. सदस्य व्हायला महाराष्ट्रात पाच वर्षं राहिलेलं असणं आवश्यक होतं. न्यायालयाने दोन्ही अटी घटनाबाह्य ठरवल्या आणि अर्जदारांना रंगभूषाकार म्हणून नोंदवून घ्यायला लावलं.

खरी गुंतागुंत वेगळीच आहे. संघटना ही खाजगी संस्था. समानतेचा मूलभूत हक्क प्रामुख्याने सरकारविरुद्ध मागता येतो, मग चार लोकांनी मिळून केलेल्या संघटनेला तो कसा लागू करायचा? न्यायालयाने धागा पकडला तो नोंदणीचा. कामगार संघटना १९२६ च्या कायद्याखाली नोंदली जाते, तिचे नियम निबंधकाकडे जातात, त्या नोंदणीतून तिला हक्क मिळतात. मग कायद्याच्या छत्राखाली राहून राज्यघटनेविरुद्ध नियम चालवता येणार नाही. म्हणजे निकाल दाराबद्दल होता: सदस्यत्व नाकारायचं नाही. आत आल्यावर तिला कामावर कोण घेणार, याबद्दल न्यायालय काही सांगू शकत नव्हतं आणि सांगितलंही नाही. ‘आता बायांना कार्ड मिळतं, मग अडचण कसली?’ असं विचारणाऱ्यांच्या ही गोष्ट लक्षात येत नाही. कामं कार्डावर मिळत नाहीत, फोनवर मिळतात. फोन ज्यांच्याकडे येतो ते रंगभूषाप्रमुख त्या जुन्या वाटणीतच तयार झालेले आहेत.

निकालाची एक बाजू फारशी बोलली जात नाही. तीच वाटणी केशभूषा बायांसाठी राखून ठेवत होती. ती भिंत पडली तेव्हा केशभूषेतल्या वयस्कर बायांना धास्ती वाटली असेल तर त्यात चूक काही नाही. त्यामुळे रंगभूषेत आलेल्या नव्या मुलीने हेअर विभागाला आपोआप आपली बाजू धरू नये. ती मिळवावी लागते.

फोन कोणाकडून येतो

कौतुक करणारा आणि नाव लिहिणारा, ही दोन वेगळी माणसं असतात. व्हॅनिटीत ‘तुझा हात किती हलका आहे’ म्हणणारी अभिनेत्री मैत्रीण झाली. ती करारात स्टाफ म्हणून हिचं नाव घालते तेव्हा ती पाठीराखी होते. हे मागावं लागतं, आणि करार व्हायच्या आधी मागावं लागतं. सही झाल्यावर निर्मितीप्रमुख नवं नाव घालत नाही, कारण बजेट बांधून झालेलं असतं.

दुसरं महत्त्वाचं माणूस छायाचित्रकार. एचडी कॅमेरे आल्यापासून चेहरा आणि मान यांच्या रंगातला फरक, जबड्याजवळ तुटलेली बेसची रेघ, कपाळावर साचलेली पावडर, हे सगळं मॉनिटरवर दिसतं. दुरुस्तीत वेळ जातो तो त्याच्या दिव्यांच्या वेळातून. म्हणून लूक टेस्टच्या दिवशी दिवे लागण्याआधी त्याला दोन प्रश्न विचारावेत: मुख्य प्रकाश उबदार आहे की थंड, आणि क्लोज किती जवळचा. मग बेस त्या प्रकाशात, मॉनिटरसमोर तपासावा, व्हॅनिटीच्या आरशात नव्हे. ‘हिचा बेस नीट बसतो’ हे छायाचित्रकाराने पुढच्या युनिटला सांगणं दहा ओळखींच्या बरोबरीचं, कारण त्यात त्याचा स्वतःचा स्वार्थ आहे.

तिसरा धागा कंटिन्युइटीचा. जखम डाव्या भुवईवर किती लांब होती, टिकली कोणत्या आकाराची, घाम कुठपर्यंत, याचे फोटो सीन क्रमांक आणि तारखेसह जी ठेवते तिच्याकडे दिग्दर्शकाच्या सहायकांना रोज यावं लागतं. आजचे सहायक पाच-सात वर्षांनी दिग्दर्शक होतात. पॅक-अपनंतरच्या बैठकीत बसून जेवढी ओळख होते त्याहून ही टिकाऊ असते, आणि रात्री दोन वाजता घरी कसं जायचं हा प्रश्नही पडत नाही.

अवघड प्रसंग

हा धंदा अंगाला हात लावण्याचा आहे, म्हणून अवघडलेपण दोन्ही बाजूंनी येतं. पुरुष कलाकाराच्या छातीला, पाठीला रंग लावायचा असेल तर सहायक सोबत घ्यायचा आणि दार उघडं ठेवायचं. काय करणार ते आधी बोलायचं: ‘आता मानेवर, मग खांद्यावर.’ ‘एकटीच ये’ असा निरोप आला तर उत्तर कामाचंच द्यावं: ‘ट्रे धरायला माणूस लागतो, दोघं येतो.’ ‘पैशाचं रात्री हॉटेलवर बोलू’ याचं उत्तर बिल, आणि ते निर्मिती कार्यालयाच्या ईमेलवर. पैसे नव्वद दिवसांनी येण्याची रीत असलेल्या धंद्यात थकलेलं बिल हे दाब टाकायचं साधन बनतं. म्हणून दर, शिफ्टचे तास आणि घरी सोडण्याची गाडी या तीन गोष्टी पहिल्या दिवसाआधी लेखी असाव्यात.

त्रास याहून पुढे गेला तर कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा आहे. दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे तक्रारी ऐकणारी अंतर्गत समिती हवी. तक्रार शेवटच्या प्रसंगापासून तीन महिन्यांत करावी लागते आणि कारण पटलं तर समिती आणखी तीन महिने वाढवू शकते. कामासाठी पुरवलेली गाडीही ‘कामाची जागा’ धरली जाते. कारखान्यासाठी ही मुदत पुरेशी आहे, चित्रपटासाठी ती फसवी आहे. समजा वाईला चाळीस दिवसांचं आउटडोअर झालं, तिसाव्या दिवशी प्रसंग घडला. मुलगी बिलाचे पैसे मिळेपर्यंत गप्प बसली, म्हणजे काम संपल्यावर नव्वद दिवस गेले. तोवर युनिट पांगलेलं, निर्मितीप्रमुख दुसऱ्या कामावर, आणि तीन महिन्यांची मुदतही संपलेली. शिवाय मालक कोण यावर टोलवाटोलवी सुरू होते: वाहिनी, निर्माता, की ज्याने माणसं पुरवली तो ठेकेदार? म्हणून कॉलशीट, ग्रुपवरचे निरोप, गाडीचा नंबर हे त्या त्या दिवशीच स्वतःला ईमेल करून ठेवायचं, आणि समितीतल्या बाहेरच्या सदस्याचं नाव कामाच्या पहिल्या दिवशीच विचारायचं. समितीच नसल्याचं तेव्हाच कळलं तर निदान जिल्ह्याच्या स्थानिक समितीचा पत्ता शोधायला वेळ मिळतो. माणसं दहापेक्षा कमी असतील तर तक्रार तिकडेच जाते.

हा पेच प्रथम ठळकपणे मांडला गेला तो केरळमध्ये. २०१७ मध्ये एका अभिनेत्रीवर हल्ला झाला, त्यानंतर तिथल्या बाया संघटित झाल्या आणि निवृत्त न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. मार्च २०२२ मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने चित्रपटाच्या युनिटलाच कामाची जागा मानलं आणि प्रत्येक निर्मितीसाठी अंतर्गत समिती लागते असं सांगितलं. नेमलेल्या समितीचा अहवाल २०१९ च्या अखेरीस सरकारकडे गेला आणि काही भाग वगळून ऑगस्ट २०२४ मध्ये लोकांपुढे आला. त्यात स्वच्छतागृह आणि कपडे बदलायची जागा नसणं हे नोंदलं गेलं, आणि तक्रार केली तर काम बंद होईल ही भीतीही.