सूत्र एक, चाचण्या दोन: अपेक्षित संख्या येते कुठून?

काय-स्क्वेअरच्या दोन चाचण्यांची विद्यार्थी सर्रास गल्लत करतात. एक गुडनेस ऑफ फिटची, दुसरी स्वतंत्रतेची. गल्लत होणे स्वाभाविक आहे, कारण सूत्र एकच: प्रत्येक घरातील प्रत्यक्ष संख्येतून अपेक्षित संख्या वजा करा, वर्ग करा, अपेक्षित संख्येने भागा आणि सगळ्याची बेरीज घ्या. फरक आहे तो अपेक्षित संख्या कुठून आणली यात. तेवढ्यानेच निकाल उलटू शकतो.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. नागपूर मेट्रोच्या ऑरेंज आणि ॲक्वा या दोन्ही मार्गिका सीताबर्डीला एकत्र येतात. तिथे स्टेशनबाहेर पडणाऱ्या २०० प्रवाशांना आपण दोन प्रश्न विचारले: कोणत्या मार्गिकेने आलात, आणि पुढे कसे जाणार?

| मार्गिका | पायी | ऑटो | शहर बस | एकूण |
|---|---|---|---|---|
| ऑरेंज | ३८ | ५८ | २४ | १२० |
| ॲक्वा | १२ | ४२ | २६ | ८० |
| एकूण | ५० | १०० | ५० | २०० |

समजा, एखाद्या जुन्या आराखड्यात या सहाही गटांचे प्रमाण आधीच दिलेले आहे आणि आजची गर्दी त्याच्याशी जुळते का, एवढेच पाहायचे आहे. ही गुडनेस ऑफ फिट. इथे अपेक्षित संख्या बाहेरून येते, आपल्या तक्त्याला त्यासाठी काहीच विचारावे लागत नाही. बंधन एकच, बेरीज २०० व्हायला हवी. म्हणून स्वातंत्र्यमात्रा, म्हणजे डिग्रीज ऑफ फ्रीडम, ६ − १ = ५.

स्वतंत्रतेच्या चाचणीत असा आराखडा नसतो. मार्गिकेचा आणि पुढच्या प्रवासाचा काही संबंध आहे का, हा प्रश्न असतो. संबंध नसेल तर दोन्ही मार्गिकांचे प्रवासी सारख्याच प्रमाणात चालत जातील. एकूण २०० पैकी ५० जण, म्हणजे पाव हिस्सा, पायी जातात. तेव्हा ऑरेंजच्या १२० पैकी ३० आणि ॲक्वाच्या ८० पैकी २० अपेक्षित. ओळीची बेरीज गुणिले स्तंभाची बेरीज भागिले एकूण, या नियमाचा अर्थ एवढाच. उरलेली घरे याच रीतीने भरली की ऑरेंजची ओळ ३०, ६०, ३० आणि ॲक्वाची २०, ४०, २० अशी येते.

इथे अपेक्षित संख्या तक्त्याच्याच कडेच्या बेरजांवरून काढल्या, आणि त्याची किंमत मोजावी लागते. मार्गिकांचे एक प्रमाण आणि पुढच्या प्रवासाची दोन प्रमाणे (तिसरे आपोआप ठरते) आपण याच माहितीतून घेतली. म्हणून ५ मधून ३ गेले, उरले २. हेच (ओळी − १) × (स्तंभ − १). पडताळून पाहा: कडेच्या बेरजा तशाच ठेवून फक्त ३८ आणि ५८ लिहा, उरलेली चारही घरे वजाबाकीने भरतात.

आता हिशोब. सहा घरांचे वाटे अनुक्रमे २.१३, ०.०७, १.२०, ३.२०, ०.१० आणि १.८०. बेरीज ८.५. स्वातंत्र्यमात्रा २ असताना ५ टक्के पातळीची सीमा ५.९९ आहे, म्हणजे आपण ती ओलांडली. पण कोणी चुकून ५ धरली तर सीमा ११.०७ होते आणि तोच ८.५ ‘संबंधाचा पुरावा नाही’ असे सांगतो.

ही चूक फक्त विद्यार्थ्यांची नाही. कार्ल पिअर्सन यांनी १९०० मध्ये ही चाचणी मांडली आणि अशा तक्त्यांसाठीही ते घरांची संख्या वजा एक हीच मात्रा धरत. १९२२ मध्ये रोनाल्ड फिशर यांनी ती दुरुस्त केली. पिअर्सन यांना ते पटले नाही, पण आज आपण फिशर यांचाच नियम वापरतो.

आर या संगणकीय भाषेत तर ही गल्लत नकळत होते:

```r
m <- matrix(c(38,58,24,12,42,26), nrow=2, byrow=TRUE)
chisq.test(m)
chisq.test(c(m))
```

`chisq.test(m)` तक्ता म्हणून वाचते आणि `X-squared = 8.5, df = 2, p-value = 0.01426` देते. शेवटची ओळ तेच सहा आकडे सुटी यादी म्हणून घेते, सहाही घरे समान असावीत असे गृहीत धरते आणि `X-squared = 39.04, df = 5` देते. चूक झाल्याची कोणतीही सूचना येत नाही. म्हणून उत्तरात आधी `df` पाहण्याची सवय मला फार मोलाची वाटते.

अपेक्षित संख्या शक्यतो ५ च्या खाली नसाव्यात. ही अट अपेक्षित संख्यांसाठी आहे, प्रत्यक्ष संख्येसाठी नाही. आपल्या तक्त्यात सगळ्यात लहान २० आहे, तेव्हा चिंता नाही.

त्याहून घातक चूक तक्त्यात दिसतच नाही. कॉलेजच्या पाच मैत्रिणी एकत्र उतरून एकत्रच चालत निघाल्या आणि आपण पाच उत्तरे लिहिली, तर निर्णय खरे तर एकच होता. अशा घोळक्यांमुळे काय-स्क्वेअर फुगतो आणि कोणतीही स्वातंत्र्यमात्रा ते भरून काढत नाही. घोळक्यातील एकालाच विचारावे, आणि हे सर्वेक्षणाला उभे राहण्याआधीच ठरवावे.

शेवटी, ८.५ ही बेरीज संबंध कुठे आहे ते सांगत नाही. त्यासाठी वाटे पाहायचे. सर्वांत मोठा ३.२० ॲक्वा-पायी या घराचा आहे: अपेक्षित २०, प्रत्यक्षात १२. ऑटोच्या दोन्ही घरांत मात्र फरक जवळजवळ नाहीच. म्हणजे या तक्त्यातला संबंध पायी आणि बस या दोन स्तंभांत आहे.