इंटर्नशिपचं ऑफर लेटर हातात पडलं की सही करायच्या आधी काय बघायचं

आमच्या बेळगावच्या उद्यमबागेतल्या मशीन शॉपमध्ये किंवा फाउंड्रीत इंटर्नशिप मिळाली की पोरं ऑफर लेटरचा फोटो थेट स्टेटसला टाकतात, आतलं वाचतंय कोण. लेटर इंग्रजीत, शॉपमधल्या पाट्या कन्नडमध्ये, घरात आपण मराठीत, त्यामुळं वाचायचा कंटाळा येतो हे खरं, पण पान-दीड पानच असतंय, बसून वाचा की.

लेटर मिळायच्या आधी कॉलेजकडनं बोनाफाईड आणि एनओसी घ्यावी लागते, सोबत आधारची झेरॉक्स, फोटो, आधीच्या सेमिस्टरची मार्क्स कार्डं आणि स्टायपेंडसाठी बँक पासबुकाचं पहिलं पान. ओरिजिनल मार्क्स कार्ड कुणी ठेवून घेतो म्हटलं तर द्यायचं नाही, दाखवून परत आणायचं. एसएसएलसी करून डिप्लोमाला आलेल्या काही पोरांना १८ पूर्ण झालेली नसतात, त्यांनी एकट्यानं केलेली सही करार म्हणून चालत नाही, म्हणून कंपनी आई-वडलांची सही मागते, त्यात वावगं काही नाही.

आता तारखा. समजा कॉलेजच्या नोटिशीत १४ आठवडे लिहिलेत आणि कंपनीनं लेटरमध्ये "तीन महिने, २ फेब्रुवारी ते १ मे २०२६" असं घातलंय. ऐकायला सारखंच वाटतंय, पण मोजा, ते ८९ दिवस होतात, म्हणजे १२ आठवडे आणि ५ दिवस. १४ आठवड्यांचे ९८ होतात, ९ दिवस कमी पडले. हे शेवटी सर्टिफिकेट जमा करताना कळलं तर परत कंपनीत जाऊन तारीख वाढवून मागत बसायचं, त्यापेक्षा सही करायच्या आधीच एचआरला मेल करून शेवटची तारीख ९ मे करून घ्यायची, १० ला रविवारच आहे.

स्टायपेंडपुढं नुसता "८००० रुपये" असा आकडा असला तर सुट्टीचं काय ते विचारा. २६ दिवसांचा महिना धरून कापत असतील तर दिवसाचे साधारण ३०८ पडतात, चार दिवस खानापूरला घरी राहिलात तर हातात ६७७० च्या आसपास येतील. "पर्यंत" असा शब्द असला तर अजून सावध, आणि बसभाडं, कँटीन त्यातच आहे का तेही बघा. इंटर्न म्हणजे कायमचा कामगार नव्हे, पीएफ वगैरे धरून चालू नका, पण मशीनवर उभं करणार असतील तर अपघात विमा कुणाचा, कॉलेजचा का कंपनीचा, हे लेखी घ्यायचं.

सुपरवायझरचं नाव किंवा निदान हुद्दा लेटरमध्ये पाहिजे, कारण दर आठवड्याला डायरीवर सही त्याचीच लागते. माझ्या वेळी नुसतं "संबंधित विभाग" लिहिलं होतं, महिन्याभरात आमचे साहेब दुसऱ्या युनिटला गेले आणि नवीन म्हणाले, मी बघितलंच नाही तर सही कशी करू. वागणुकीचा भाग साधा असतो, शिफ्टची वेळ, सेफ्टी शूज, न सांगता गैरहजर राहायचं नाही.

खरी गोची गोपनीयतेच्या कलमात. कंपनी लिहिते की इथली कुठलीच माहिती बाहेर द्यायची नाही आणि कॉलेज म्हणतंय प्रोसेस, फोटो, ड्रॉइंग घालून रिपोर्ट करा, वर व्हायव्हाला बाहेरचे एक्झामिनर येणार. दोन्ही एकदम पाळता येत नाही. अन् ड्रॉइंग बहुतेक वेळा कंपनीचंसुद्धा नसतंय, गिऱ्हाइकाचं असतंय, त्यावर पार्ट नंबर, टॉलरन्स सगळं असतंय, म्हणून फोरमन ओरडतो, "फोटो का काढालास रे?" यावर उपाय म्हणजे लेटरमध्येच एक ओळ वाढवून घ्यायची, की सुपरवायझरनं तपासून सही केलेला रिपोर्ट कॉलेजला देता येईल. मग रिपोर्टमध्ये कास्टिंग आल्यापासून टर्निंग, ड्रिलिंग, तपासणी हा क्रम लिहायचा, स्केच स्वतः हातानं काढायचं आणि गिऱ्हाइकाचं नाव, पार्ट नंबर, रेट गाळायचा. मार्कांना काही फरक पडत नाही, एक्झामिनरला तुम्ही काय शिकलात ते पाहिजे असतंय. पेनड्राइव्ह घेऊन फिरू नका.

हे कलम किती वर्षं लागू तेही बघा. गुपित ठेवायला सांगणं बरोबर आहे, पण "इंटर्नशिपनंतर दोन वर्षं अशाच दुसऱ्या कंपनीत काम करायचं नाही" असं कुठं घुसडलं असेल तर १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २७ खाली अशी अट टिकत नाही, तरी भांडत न बसता ती ओळ काढून द्या म्हणून सांगा, बहुतेक वेळा ती नोकरीच्या लेटरातनं कॉपी झालेली असते.

सगळं जमलं की प्रत्येक पानावर सही, दोन प्रती, एक कंपनीला, एक आपल्याकडं, झेरॉक्स कॉलेजच्या गाइडला, आणि बदल मागितलेला मेल डिलीट करू नका.