क्लिपखालचे केस काळेच का राहिले?

माझी एक मैत्रीण आठवडाभर डोंगरात भटकून आली. निघायच्या चारच दिवस आधी तिने केस रंगवले होते, गडद, जवळजवळ काळे. परतली तेव्हा डोक्यावरचा भाग तांबूस दिसत होता. "रंग भेसळीचा निघाला," ती वैतागून म्हणाली. मग तिने मागची मोठी प्लॅस्टिकची क्लिप काढली, आणि क्लिपच्या आकाराचा एक पट्टा खाली तसाच काळाभोर दिसला. भेसळीच्या आरोपातून रंगाची तिथेच सुटका झाली. डबा एकच, हात एकच, केसही तेच. फरक एवढाच की क्लिपखाली ऊन पोचलं नव्हतं.

उन्हाने रंग उडतो हे पडद्यांना आणि पुस्तकांच्या पाठींना बघून आपल्याला माहीत असतं. पण तो नेमका कसा उडतो, ही गोष्ट मला फार आवडते, म्हणून तिथे जरा रेंगाळणार आहे.

आधी केसात रंग असतो कुठे ते पाहू. केस साधारण ७० मायक्रोमीटर जाड धरा, म्हणजे मिलिमीटरचा चौदावा हिस्सा. बाहेर कौलांसारख्या एकावर एक बसलेल्या पारदर्शक खवल्यांचं आवरण असतं, त्याला क्युटिकल म्हणतात. आत केराटिन प्रथिनाच्या धाग्यांचा गाभा असतो, तो कॉर्टेक्स. आपला नैसर्गिक रंग, म्हणजे मेलॅनिनचे कण, याच गाभ्यात असतात.

कायमचा म्हणून विकला जाणारा रंग डब्यात असताना रंगच नसतो. एका नळीत पॅरा-फेनिलीनडायअमीनसारखे छोटे, जवळजवळ बिनरंगी रेणू असतात. त्यांच्याबरोबर त्यांचे जोडीदार, उदाहरणार्थ रेसॉर्सिनॉल, आणि अमोनियासारखा एखादा अल्कली असतो. दुसऱ्या बाटलीत हायड्रोजन पेरॉक्साइड. पॅरा-फेनिलीनडायअमीनचं ऑक्सिडीकरण केलं की गडद तपकिरी रंग येतो, हे जर्मन रसायनशास्त्रज्ञ ऑगस्ट हॉफमन यांनी १८६३ साली नोंदवलं, आणि आजही बहुतेक गडद छटा याच वाटेने तयार होतात. अल्कलीने केस फुगतो, खवले सैल होतात, छोटे रेणू आत शिरतात. तिथे पेरॉक्साइडच्या मदतीने दोन-दोन, तीन-तीन रेणू एकमेकांना जोडले जातात. आता ते मोठे झाले, रंगीत झाले आणि आल्या वाटेने सहज बाहेर पडू शकत नाहीत. बाटलीत बांधलेल्या जहाजासारखं हे काम आहे.

जोडल्यावर ते रंगीत का होतात, यातच सगळी मेख आहे. जोडलेल्या रेणूत एकेरी आणि दुहेरी बंधांची एकाआड एक अशी लांब साखळी तयार होते. तिच्यात काही इलेक्ट्रॉन एका अणूला चिकटून न राहता साखळीभर पसरलेले असतात. अशा इलेक्ट्रॉनना वरच्या ऊर्जेला उडी मारायला थोडीच ऊर्जा पुरते, दृश्य प्रकाशाच्या एका कणाएवढी, म्हणजे फोटॉनएवढी. आखूड साखळीला मात्र अतिनील किरणांची मोठी ऊर्जा लागते, म्हणून सुटे रेणू आपल्याला बिनरंगी दिसतात. केस गडद दिसतो, कारण त्यातले रेणू समोर आलेला प्रकाश गिळत असतात. प्रकाश गिळणं हेच रंगाचं काम.

आणि तेच त्याच्या मरणाचं कारण. फोटॉन गिळला की रेणू काही क्षण उत्तेजित होतो. बहुतेक वेळा ती ऊर्जा उष्णता होऊन निघून जाते आणि काहीच बिघडत नाही. पण क्वचित एखादा रेणू त्या अवस्थेत जरा जास्त रेंगाळतो आणि जवळच्या ऑक्सिजनला आपली ऊर्जा देऊन टाकतो. असा चेतलेला ऑक्सिजन फार आक्रमक असतो. तो साखळीवरच हल्ला करतो. दोन तुकड्यांना जोडणारा नायट्रोजनचा दुहेरी बंध तुटला की साखळीचे दोन आखूड तुकडे होतात, आणि ते पुन्हा बिनरंगी. रेणू केसातच असतो, रंग मात्र गेलेला असतो. एका फोटॉनमागे हे घडण्याची शक्यता अगदी नगण्य, पण भर दुपारच्या उन्हातल्या फोटॉनांची संख्या इतकी अफाट की आठवडाभरात हिशोब जुळतो.

मग अतिनील किरणांचं काय? ३०० नॅनोमीटर तरंगलांबीच्या अतिनील फोटॉनमध्ये ६०० नॅनोमीटरच्या दृश्य फोटॉनच्या दुप्पट ऊर्जा असते, त्यामुळे तो जास्त मोडतोड करतो. विशेषतः तो केराटिनमधल्या ट्रिप्टोफॅनसारख्या घटकांना आणि गंधकाच्या जोडबंधांना तोडतो. खवले खडबडीत आणि ठिसूळ होतात, गाभा सच्छिद्र होतो. पुढच्या धुण्यात रंगाचे रेणू पाण्याबरोबर जास्त सहज निघून जातात. म्हणजे उन्हाचा अर्धा मार लगेच दिसतो आणि अर्धा न्हाणीघरात वसूल होतो. पण मुद्दा हा की फक्त अतिनील किरण अडवून भागत नाही. रंग दृश्य प्रकाशही गिळतो, कारण गिळला नाही तर तो रंगच नव्हे. काचेमागे बसूनही रंग फिका पडतो तो यामुळेच. साधी काच अतिनीलमधला सर्वांत तीव्र भाग अडवते, पण सौम्य अतिनील बराचसा आणि दृश्य प्रकाश जवळजवळ पूर्ण आत येऊ देते.

आता तांबूसपणाचं कोडं. काळा रंग सगळ्या तरंगलांबींचे प्रकाशकिरण गिळतो, आणि हे काम एक रेणू करत नाही. काही रेणू तपकिरीकडे झुकणारे असतात, काही निळ्या-जांभळ्याकडे, आणि सगळे मिळून काळे. ते सगळे एकाच वेगाने मोडत नाहीत. लाल प्रकाश गिळणारे, म्हणजे निळसर दिसणारे रेणू कमी झाले की लाल प्रकाश परत येऊ लागतो आणि केस तांबूस दिसतो. दुसरं कारण आणखी खोल आहे. रंगवताना पेरॉक्साइडने नैसर्गिक मेलॅनिनही थोडं उजळवलेलं असतं आणि त्याची छटा तांबूस-सोनेरी झालेली असते. वरचा रंग विरळ झाला की खालची ही भिंत दिसू लागते. पांढऱ्या केसांत खाली मेलॅनिनच नाही, म्हणजे मध्ये प्रकाश वाटून घेणारा सोबतीही नाही. तिथे रंग एकट्याने ऊन झेलतो. म्हणून कानशिलावरचे पिकलेले केस आधी बोलू लागतात.

लाल छटा लवकर उतरतात, त्याचं कारण लाल रेणू मोठा असतो असं बऱ्याचदा सांगितलं जातं. खरं तर उलट आहे. पुष्कळ लाल छटांचे रेणू दोनच तुकड्यांचे बनतात, गडद तपकिरी छटांमध्ये तीन तुकड्यांचे रेणूही असतात. लहान असतो म्हणून लालवाला धुण्यात निसटतो.

तुमचा रंग उन्हाने गेला की धुण्याने, हे ओळखता येतं. धुण्याने तो सगळीकडे साधारण सारखा उतरतो. उन्हाने गेला असेल तर भांगाच्या दोन्ही बाजू, वरचा थर आणि टोकं फिकी पडतात, आणि मानेवरचे आतले केस गडद राहतात. बोटाने वरचा थर उचलून पाहा, उत्तर तिथे लिहिलेलं असतं.

आता बचाव. बाजारात केसांसाठी अतिनीलरोधक फवारे मिळतात आणि काहींवर एसपीएफचा आकडाही छापलेला असतो. तो वाचून मला नेहमी हसू येतं. एसपीएफ म्हणजे कातडी लाल व्हायला किती पट जास्त ऊन लागतं त्याचं माप, आणि तेही दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम क्रीम लावून घेतलेलं. केस काही उन्हाने लाल होऊन सुजत नाहीत. शिवाय हिशोब करून बघा. डोक्यावर सुमारे १ लाख केस, प्रत्येक ३० सेंटिमीटर लांब. ७० मायक्रोमीटर जाडीच्या केसाचा घेर सुमारे ०.२२ मिलिमीटर, म्हणून एका केसाचं पृष्ठफळ ६६ चौरस मिलिमीटर. १ लाख केसांचं झालं ६.६ चौरस मीटर! अख्ख्या शरीराची त्वचा दोन चौरस मीटरच्या आतबाहेर असते. कसोटीच्या मापाने लावायचं तर १३२ ग्रॅम क्रीम डोक्यावर थापावं लागेल. ऊन फक्त वरच्या थरावर पडतं हे मान्य, म्हणून प्रत्यक्षात इतकं लागणार नाही. पण दोन-चार फवाऱ्यांत किती पातळ थर बसत असेल ते लक्षात येतं.

फवारा अगदी निरुपयोगी आहे असं नाही. न धुता ठेवायचा आणि केसाला धरून राहणारा असेल तर अतिनीलचा काही वाटा तो गिळतो. असं धरून राहणं धन प्रभाराच्या रेणूंना जमतं, कारण केसाचा पृष्ठभाग बहुधा ऋण प्रभाराचा असतो. शाम्पूतला साधा अतिनीलरोधक मात्र बहुतांशी पाण्याबरोबर मोरीत जातो. तेल लावलं की ऊन लागत नाही हीसुद्धा अशीच समजूत. तेल केसाचं पाण्याने फुगणं थोडं कमी करतं, धुण्यातली झीज कमी करतं, हा खरा उपयोग आहे. पण तेलाचा पारदर्शक थर दृश्य प्रकाश अडवणार कसा?

राहतं कापड. टोपी किंवा ओढणी अतिनील आणि दृश्य दोन्ही अडवते, म्हणून ती फवाऱ्याच्या कितीतरी पुढे आहे. उन्हाच्या कपड्यांवर यूपीएफ ५० लिहिलेलं असतं, म्हणजे पन्नासातला एकच हिस्सा अतिनील आरपार जातो. पण त्या आकड्यात दृश्य प्रकाश मोजलेला नसतो. साधी परीक्षा अशी, कापड दिव्यासमोर धरा. विणीतून उजेडाचे ठिपके दिसले तर तेवढंच ऊन केसांवर पडणार. घट्ट विणीचं गडद कापड चांगलं, आणि पातळ पांढरं सुती कापड ओलं झालं की आणखी पारदर्शक होतं. छत्री सरळ ऊन अडवते, आकाशातून सगळीकडून येणारा विखुरलेला प्रकाश नाही.

ओले केस उन्हात वाळवणं टाळावं. ओला केस जाडीने दहा-पंधरा टक्के फुगलेला असतो, खवले सैल असतात, आणि पाण्याच्या सोबतीने प्रकाशाने होणारं ऑक्सिडीकरणही वाढतं. पोहून आलात तर क्लोरीनचं पाणी आधी साध्या पाण्याने काढून टाका, मग सावलीत वाळवा. आणि आठवडाभर उन्हात राहायचंच असेल तर रंग परतल्यावर लावलेला बरा. बाहेर किती वाजता जायचं हे ठरवायला घड्याळही लागत नाही. आपली सावली उंचीपेक्षा आखूड झाली की सूर्य ४५ अंशांच्या वर आला, तेव्हा अतिनील सर्वांत जोरात असतो.

मैत्रिणीला मी हे सगळं ऐकवलं. तिने अर्ध्यात जांभई दिली, पण पुढच्या भटकंतीला घट्ट विणीचा रुमाल बांधून गेली. परतल्यावर तिने मला आधी डोकं दाखवलं, सगळं काळं. मग पाठ फिरवली. रुमालाखालून बाहेर लोंबणारा शेपटा वीतभर तांबूस झाला होता.